रिकामी टाकी तरंगते का, आणि भिंतीचा मोमेंट कोणत्या अवस्थेचा धरायचा

प्रश्न : सर, नाशिकला पाथर्डी फाट्याजवळ आमच्या इमारतीची अंडरग्राउंड टाकी करतोय. आतून ६ मी × ४ मी, उंची ३ मी. भिंती २५० मिमी, राफ्ट २५० मिमी, वरचा स्लॅब १५० मिमी जमिनीलगत, बाजूला पार्किंग. एप्रिलमध्ये माती तपासली तेव्हा ५ मीटरपर्यंत पाणी लागलं नाही. ठेकेदार म्हणतो, जवळजवळ सत्तर टनांचं काँक्रीट तरंगेल कसं? तरी रिकाम्या टाकीची अपलिफ्ट तपासायची का? आणि भिंत कॅन्टिलिव्हर धरून कोरड्या मातीवर मोमेंट २७ आलाय, तो पुरेल का?

उत्तर :

तपासायचीच, आणि तुमच्या मापांची टाकी तपासणीत नापास होते. ठेकेदाराचे सत्तर टन बरोबर आहेत, पण ती टाकी किती टन पाणी बाजूला सारते हे त्याने मोजलेलं नाही. आधी तेवढं मोजू, मग २७ च्या आकड्याकडे येतो. तो आकडा गमतीदार आहे.

बाहेरून टाकी ६.५ × ४.५ मी, म्हणजे २९.२५ चौ.मी. स्लॅबच्या माथ्यापासून राफ्टच्या तळापर्यंत ३.४ मी. पाणी जमिनीपर्यंत चढलं तर टाकी २९.२५ × ३.४ = ९९.४५ घनमीटर पाणी सारते. पाण्याचा टाकीला वर ढकलणारा जोर, म्हणजे अपलिफ्ट, सुमारे साडेनव्याण्णव टन. आता वजन. राफ्ट ७.३१ घनमीटर, भिंती १५.७५, स्लॅब ४.३९, एकूण २७.४५ घनमीटर. अडीच टनांनी गुणलं की ६८.६ टन. वजन भागिले अपलिफ्ट ०.६९. सुरक्षिततेसाठी आपल्याला १.२ हवा. तुमची टाकी तिथवर पोचत तर नाहीच, एकाच्याही बरीच खाली आहे.

हेच उलटं मांडलं की साइटवर पटकन पटतं. ६८.६ भागिले २९.२५ म्हणजे २.३५ मी. राफ्टच्या तळापासून एवढं पाणी बाहेर चढलं की टाकी निघाली. जमिनीपासून मोजलं तर पाणी अजून एक मीटरहून खाली असतानाच.

यावर पहिला आक्षेप तुमच्या अहवालातला असणार, की पाणी पाच मीटरपर्यंत लागलंच नाही. नाशिकमध्ये हा अहवाल खरा असतो आणि तरीही फसवतो. आपल्याकडे वर काळी माती, तिच्याखाली मुरूम, मग कडक मुरूम किंवा काळा पाषाण. एप्रिलमध्ये भोक मारलं तर कोरडं लागणारच. पण तुम्ही त्या मुरमात साडेतीन मीटरचा खड्डा खणता, मधे टाकी उभी करता, आणि चारी बाजूंची दोन-दोन फुटांची फट सैल भरावाने भरता. खालचा कातळ पाणी जिरू देत नाही. म्हणजे एका मोठ्या पातेल्यात तुम्ही छोटं पातेलं ठेवलंत आणि मधली जागा खडीने भरलीत. पावसाचं पाणी, गच्चीच्या डाउनटेक पाइपचं पाणी, पार्किंगच्या उतारावरचं पाणी, सगळं त्या फटीत उतरतं आणि तिथेच राहतं. भूजलपातळी खाली कुठे का असेना, टाकीला तिच्या खड्ड्यातलं पाणीच कळतं.

आणि ते पाणी किती लागतं ते बघा. खड्डा ७.७ × ५.७ मी धरू, म्हणजे कामाला चारी बाजूंनी ६०० मिमी जागा. मधली फट १४.६४ चौ.मी. २.३५ मी उंचीपर्यंत ३४.४ घनमीटर भराव झाला. सैल भरावात पोकळी साधारण पस्तीस टक्के धरली तर १२ घनमीटर पाणी, बारा हजार लिटर. दहा हजारी टँकरपेक्षा थोडंसंच जास्त. सत्तर टनांची टाकी उचलायला शंभर टन पाणी जमावं लागतं असं लोकांना वाटतं. तसं नसतं. दाब पाण्याच्या उंचीवर ठरतो, फट अरुंद असली तर थोड्या पाण्यातच उंची मिळते. गोदावरीला पूर किती आला हे आपण दुतोंड्या मारुतीकडे बघून सांगतो; टाकीच्या फटीतला पूर कोणाला दिसत नाही.

हे मी पुस्तकातून सांगत नाहीये. बारा-तेरा वर्षांपूर्वी मखमलाबादच्या बाजूला एका रो-हाउसच्या कामावर माझ्याच ड्रॉइंगची टाकी वर आली. मे महिन्यात स्लॅब ओतला, जूनमध्ये भराव झाला, नळजोडणी बाकी म्हणून टाकी रिकामी. जुलैत रात्रभर पाऊस झाला आणि सकाळी सुपरवायझरचा फोन आला, "सर, मॅनहोलचं झाकण उंच दिसतंय." जाऊन पाहिलं तर एक बाजू सहा-सात इंच वर, दुसरी जेमतेम दोन इंच. स्लॅब आणि फरशीच्या मधे हात जाईल एवढी फट, आणि इनलेटचा पाइप भिंतीपाशी कापल्यासारखा तुटलेला. आम्ही टाकीत पाणी सोडलं. ती दोन इंच खाली बसली आणि थांबली, कारण वर असतानाच खाली गाळ आणि सुटलेला मुरूम शिरला होता. हिशोबाच्या कागदावर "पाणी ५ मी खाली, अपलिफ्ट लागू नाही" हे वाक्य माझ्याच अक्षरात होतं.

आता तुमच्या टाकीवर उपाय. पहिला विचार राफ्ट जाड करण्याचा येतो. तो करा, पण त्याचा हिशोब फसवा असतो. राफ्ट खालच्या बाजूने जाड केला की प्रत्येक घनमीटर काँक्रीट अडीच टन वजन देतं आणि एक टन पाणी जास्त सारतं. हाती दीड टनच लागतो, वर खोदाई वाढते ती वेगळी. नुसत्या जाडीने १.२ गाठायला गेलात तर राफ्ट दीड मीटरच्याही वर जाईल.

खरा उपाय म्हणजे राफ्ट भिंतीच्या बाहेर काढणे. त्या बाहेरच्या पट्टीवर भराव बसतो आणि तो टाकी दाबून धरतो. तुमच्या बाबतीत ६०० मिमी पट्टी ठेवा. खड्डा तसाही एवढा मोठा खणणार आहातच, जास्त खोदाई जवळजवळ नाही. भिंतीचं शटरिंगही त्या पट्टीवर नीट उभं राहतं. राफ्ट ७.७ × ५.७ मी आणि जाडी ४०० मिमी घेऊन मांडू.

राफ्ट ४३.८९ चौ.मी., त्याचं काँक्रीट १७.५६ घनमीटर. भिंती आणि स्लॅब मिळवून ३७.७ घनमीटर, ९४.२ टन. पट्टीवरचा भराव १४.६४ चौ.मी. × ३.१५ मी = ४६.१ घनमीटर. याला पाण्यात बुडालेलं वजन लावायचं, घनमीटरला ०.९ टन. कोरडं १.८ लावलंत तर भरावाचं वजन खोटं, दुप्पट येईल, कारण पाणी वर आलेलं असतानाच आपण तपासतोय. भरावाचे ४१.५ टन मिळाले. एकूण १३५.७ टन. अपलिफ्ट राफ्टची १७.५६ आणि वरच्या डब्याची २९.२५ × ३.१५ = ९२.१४, मिळून १०९.७ टन. भागाकार १.२४. पास.

यात मी तीन गोष्टी मुद्दाम धरलेल्या नाहीत. भिंतीला भरावाचं घर्षण धरलं नाही, कारण भराव सैल असतो आणि त्यात काळी माती मिसळली तर ती उन्हाळ्यात आकसून भिंत सोडते. पार्किंगमधल्या गाड्या धरल्या नाहीत, त्या सकाळी निघून जातात. आणि टाकीतलं पाणी धरलं नाही. बरेच जण म्हणतात, "पावसाळ्यात टाकी रिकामी करायची नाही, झालं." तुमच्या मूळ मापांच्या टाकीत १.२ मिळवायला कायम २.१ मी पाणी लागेल. पुढच्या वीस वर्षांत सोसायटीचा वॉचमन, टाकी साफ करणारे आणि कमिटीतली नवी मंडळी हा नियम पाळतील, यावर मी सही करत नाही.

कातळात सळ्या ग्राउट करून राफ्ट बांधून टाकणं हाही मार्ग आहे, पण ओढून चाचणी घ्यायची तयारी असेल तरच. तळात प्रेशर रिलीफ व्हॉल्व्ह मात्र पिण्याच्या टाकीला नकोच. तो उघडला की बाहेरचं गढूळ पाणी आत येणार, आणि बाहेर शेजारी ड्रेनेजचं चेंबर असेल तर बोलायलाच नको.

आता भिंत. तुमचा २७ कसा आला हे मला दिसतंय. मातीचं वजन घनमीटरला १८ किलोन्यूटन, गुणक एक तृतीयांश, उंची ३ मी. तळाशी दाब १८, आणि कॅन्टिलिव्हरच्या p h²/6 ने १८ × ९ ÷ ६ = २७ किलोन्यूटन-मीटर, दर मीटर लांबीला. यात दोन चुका आहेत आणि त्या एकमेकींना झाकतात.

पहिली चूक दाबाची. एक तृतीयांश हा गुणक भिंत थोडी आत सरकू शकते तेव्हाचा. तुमच्या भिंतीला वर स्लॅब, खाली राफ्ट, बाजूला आडव्या भिंती. ती सरकत नाही. अशा वेळी मातीचा स्थिर दाब धरायचा, K₀ = 1 − sin φ. मातीचा घर्षणकोन φ ३० अंश धरला तर ०.५. आणि वर सांगितलं तसं फटीत पाणी उभं राहणार, म्हणजे माती बुडालेली, १० किलोन्यूटनची, आणि पाण्याचा दाब पूर्ण वेगळा. तळाशी मातीचे ०.५ × १० × ३ = १५ आणि पाण्याचे ३०, एकूण ४५ किलोन्यूटन प्रति चौ.मी. तुमच्या १८ च्या अडीचपट. पाण्याला कोणताही गुणक लागत नाही, हे विसरून कोणी ओल्या मातीचे २० घेऊन त्याला एक तृतीयांश लावतो आणि दाब २० वर आणतो. तसं करू नका. शिवाय बाजूला पार्किंग आहे, त्याचे १० किलोन्यूटन धरले तर भिंतीवर वरपासून खालपर्यंत सारखे ५ येतात.

दुसरी चूक आधाराची. टाकी पूर्ण झाल्यावर भिंत कॅन्टिलिव्हर नसते. वर स्लॅब तिला टेकू देतो. खाली घट्ट आणि वर टेकू असलेल्या भिंतीत त्रिकोणी दाबाचा तळाचा मोमेंट p h²/15 येतो, म्हणजे ४५ × ९ ÷ १५ = २७. तुमचाच आकडा! कमी दाब आणि चुकीचा आधार मिळून बरोबर उत्तर आलं. पार्किंगचे ५ × ९ ÷ ८ = ५.६ मिळवले की ३२.६. भिंतीच्या मधल्या भागात उलट बाजूचा मोमेंट सुमारे १५.

म्हणून कोणी म्हणेल, २७ होते ते ३२.६ झाले, थोडं स्टील वाढवू, संपलं. इथेच खरी गोम आहे. हे ३२.६ स्लॅब पडल्यानंतरचे. स्लॅब पडायच्या आधी ठेकेदाराने भराव केला तर? आणि तो करतोच, कारण खड्ड्याच्या कडेला मुरमाचा ढीग असतो, मिक्सरला जवळ यायला जागा हवी असते, आणि जेसीबी त्या दिवशी साइटवर असतो. तेव्हा भिंत वर मोकळी आहे, थोडी सरकू शकते, म्हणून गुणक एक तृतीयांश ठीक. माती १०, पाणी ३०, मिळून ४०. कॅन्टिलिव्हर मोमेंट ४० × ९ ÷ ६ = ६०. कडेला जेसीबी उभा असेल तर आणखी १५. एकूण ७५, पूर्ण झालेल्या टाकीच्या दुपटीहून जास्त.

तुमची लांब भिंत ६ मी आणि उंची ३ मी आहे, म्हणून कोपरे तिला मदत करतात हे खरं. पाण्याच्या टाक्यांच्या आयएस ३३७० या मानकाच्या चौथ्या भागातल्या तक्त्यात २:१ च्या मोकळ्या माथ्याच्या भिंतीचा तळाचा मोमेंट वरच्या एक मीटर लांबीच्या कॅन्टिलिव्हर हिशोबाच्या साधारण निम्मा दिसतो. पण तो तक्ता कोपरे पूर्ण घट्ट धरतो. कोपऱ्यात आडव्या सळ्या दोन्ही भिंतींत नीट वळवून पुढे नेल्या असतील तरच ती मदत मिळते, आणि आठ दिवसांच्या काँक्रीटवर मी ती मागत नाही.

स्टीलमध्ये याचा अर्थ काय? एम-३० काँक्रीट, ४५ मिमी कव्हर, १६ मिमीची सळई, म्हणजे कामाची खोली १९७ मिमी. स्टीलचा ताण १३० न्यूटन प्रति चौ.मिमीच्या आत ठेवायचा, मग ०.२ मिमीच्या भेगेची अट पाळली गेली असं धरता येतं. ३२.६ ला साधारण १,४८० चौ.मिमी लागतं. १६ मिमी १२५ अंतराने दिली की १,६०८ मिळतात. छान. ७५ ला मात्र ३,४०० लागतात. १६ मिमी साठ अंतराने लावूनही पुरत नाही, आणि त्या जंगलात काँक्रीट उतरणार नाही. चार-सहा आठवड्यांच्या अवस्थेसाठी कोणी एवढं स्टील घालत नाही, घालूही नये. त्याऐवजी ती अवस्था येऊ द्यायची नाही.

यात एक सोपा हिशोब हाताशी ठेवा. त्रिकोणी दाबाचा मोमेंट उंचीच्या घनाने वाढतो. भराव अर्ध्या उंचीवर, दीड मीटरवर थांबवला तर ६० चे अष्टमांश, साडेसात राहतात. म्हणून मी ड्रॉइंगवर मोठ्या अक्षरात लिहितो: स्लॅब पडून त्याचं सेंटरिंग निघेपर्यंत भराव राफ्टच्या वर १.५ मी पेक्षा जास्त नाही, आणि तोही चारी बाजूंनी सारखा. ठेकेदाराला जागा मिळते, भिंत वाचते. मोमेंटचं कोष्टक कोणी वाचत नाही, हे वाक्य वाचतात.

पाण्याची चाचणीही याच क्रमात बसवा. भराव नसताना टाकी भरली की पाणी भिंत बाहेर ढकलतं, मातीचा प्रतिकार शून्य. स्लॅब असेल तर तळाला ३० × ९ ÷ १५ = १८, आतल्या बाजूला ताण. आतून १२ मिमी १२५ अंतराने पुरते. स्लॅबआधी काठोकाठ भरून चाचणी घेतली तर तेच ४५ होतात आणि आतल्या सळ्या तेवढ्यासाठी नाहीत. तेव्हा आधी स्लॅब, मग चाचणी, मग गळती दिसण्यासारखी भिंत उघडी असतानाच दुरुस्ती, मग भराव. चाचणीचं पाणी सोडून देऊ नका, भराव पूर्ण होईपर्यंत आतच राहू द्या. कारण बाहेर काढलेला राफ्ट भराव बसेपर्यंत काहीच दाबत नाही. तोवर तुमची नवी, जाड राफ्टची टाकीही तरंगू शकते. स्लॅब नसताना ती ८३.३ टनांची असते आणि राफ्टच्या वर सव्वादोन मीटर पाणी झालं की उठते. जूनमध्ये भिंती उभ्या राहून काम थांबणार असेल तर भिंतीत राफ्टलगत १०० मिमीचा पडल-फ्लँज लावलेला पाइप सोडा. बाहेर पाणी चढलं की ते आपोआप आत येतं आणि टाकी बसून राहते. नंतर आतून ब्लँक फ्लँज लावून बंद करायचा.

सळ्या कोणत्या बाजूला, यावर थोडं थांबतो, कारण साइटवर सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. रिकाम्या टाकीवर माती बाहेरून दाबते. भिंतीच्या तळाशी ताण बाहेरच्या, मातीकडच्या बाजूला येतो. तुमची १६ मिमी १२५ तिथे. मधल्या उंचीवर ताण आतल्या बाजूला. कोपऱ्यांत आडवा ताण पुन्हा बाहेरच्या बाजूला, म्हणून कोपऱ्यातल्या बाहेरच्या आडव्या सळ्या एल करून दोन्ही भिंतींत लांबीच्या चतुर्थांशापर्यंत न्यायच्या. फिटरला सवय असते जाड सळई "पाण्याकडे" लावायची, कारण पाण्याच्या टाकीत पाणीच दाबतं असं त्याला वाटतं. उघड्या, जमिनीवरच्या टाकीत ते बरोबर. इथे उलट. बांधणी झाल्यावर भिंतीच्या बाहेर उभं राहून तळाची सळई मोजा. १६ दिसली पाहिजे, १२ नाही.

ती बाहेरची सळई खाली उतरून राफ्टमध्ये कुठे वळते हेही बघा. ती आत, टाकीच्या मध्याकडे वळून राफ्टच्या खालच्या जाळीला मिळाली पाहिजे, कारण भिंतीचा मोमेंट राफ्टच्या खालच्या बाजूला ताण देतो. राफ्टला बाहेर पट्टी काढली की फिटर ती सळई पट्टीकडे वळवतो. त्याला ते सोपं पडतं आणि दिसायलाही नीटनेटकं दिसतं. पण मग तो सांधा उघडायला मोकळा राहतो.

आणि राफ्टच्या मधोमध ताण वरच्या बाजूला असतो. खालून पाणी ३५.५ किलोन्यूटनने ढकलतं, राफ्टचं स्वतःचं १० वजा केलं की २५.५ उरतात. ४.२५ मीटरच्या आखूड गाळ्यात साध्या आधारावर ५७-५८ चा मोमेंट होतो. टोकाला भिंतीकडून आलेले ३२.६ वजा धरले तरी मधे पंचवीसच्या आसपास राहतात. राफ्टला नुसती खालची जाळी टाकून वर नाममात्र सळ्या ठेवण्याची पद्धत मी बरीच पाहिली आहे. अशा टाकीत तळाच्या मधोमध आडवीतिडवी भेग येते आणि टाकी रिकामी केल्यावर त्यातून पाणी *वर* पाझरताना दिसतं. टाकी धुताना फरशी कोरडी करून दहा मिनिटं थांबलात तर ओल कुठून येते ते समजतं.

स्लॅबबद्दल एकच. वर जो टेकू आपण धरला तो स्लॅबने दर मीटरला सुमारे १९ किलोन्यूटन देणं अपेक्षित आहे. स्लॅबला ते जड नाही. पण मॅनहोल आणि पंपाचं भोक लांब भिंतीच्या मध्यावर, भिंतीला चिकटून ठेवलंत तर नेमका तिथलाच टेकू जातो. ती भोकं कोपऱ्याकडे सरकवा, किंवा भोकाशेजारी भिंतीच्या माथ्यावर आडवी तुळई द्या.

भराव मुरमाचा हवा. खणून निघालेली काळी माती परत टाकायचा मोह होतो, ती भिजल्यावर फुगते आणि तेव्हाचा दाब वरच्या कोणत्याच सूत्रात बसत नाही. फक्त वरचे ४००-४५० मिमी घट्ट, पाणी न जिरणाऱ्या मातीने बंद करा, फरशीला टाकीपासून दूर उतार द्या आणि गच्चीचे डाउनटेक त्या फटीपासून लांब न्या. वर पाण्याची पातळी जमिनीपर्यंत धरलीच आहे, हे केलं म्हणून ती खाली धरायची नाही.

शेवटी, शेकडो रुपयांची गोष्ट. भराव करताना एका कोपऱ्यात राफ्टपर्यंत ११० मिमीचा भोकं पाडलेला पीव्हीसी पाइप उभा करा आणि वर टोपी लावा. तुमच्या नव्या टाकीला त्याची गरज पडणार नाही. पण त्याच सोसायटीत जुन्या टप्प्याची टाकी तुमच्या मूळ मापांची असेल, म्हणजे २५० चा राफ्ट आणि बाहेर पट्टी नाही, तर तिच्या भरावातही असाच पाइप बसवून घ्या. टाकी धुवायच्या दिवशी त्यात टेप सोडायची. स्लॅबच्या माथ्यापासून दीड मीटरच्या आत पाणी लागलं तर त्या टाकीची सुरक्षितता १.२ च्या खाली गेलेली असते, एक मीटरच्या जवळ लागलं तर ती उठायच्या बेतात असते. अशा दिवशी टाकी उपसायची नाही. आधी पाइपात पंप सोडून बाहेरचं पाणी उतरवायचं, मग आतलं.